तीस पानांची गोष्ट

कथेचं बीज एका ओळीत मावतं. नवरा गेल्यानंतर एकटी राहणारी एक बाई, शेजारी नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला, नवऱ्याबरोबर खेळायची तो पत्त्यांचा डाव शिकवते. ऐकल्याबरोबर ही कथा डोळ्यांपुढे उभी राहते, आणि धोका तिथेच आहे. संध्याकाळ, चहा, पत्त्यांचा जुना कॅट, मधेच भरून आलेले डोळे, शेवटी भिंतीवरच्या फोटोकडे एक नजर. अशी कथा वाचताना वाईट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती आठवतही नाही. कारण तिच्यात पत्ते नुसते टेबलावर पडलेले असतात, कोणी खेळत नसतं.

ही कथा उभी करायची असेल तर पहिला प्रश्न बाईच्या दुःखाचा नाही. ती दोघं कोणता डाव खेळायची, हा आहे. लेखकाने ‘पत्ते खेळायची’ एवढंच लिहून सोडून दिलं तर हाताशी काहीच उरत नाही. एकदा डाव ठरला की त्याचे नियम कथेला रस्ता दाखवायला लागतात.

आपल्याकडे सुट्टीत घराघरांत रंगणारे डाव एकेक करून पाहू. झब्बू आणि बदाम सात हे गर्दीचे डाव. माणूस वाढलं तरी चालतं, कमी झालं तरी चालतं; एक जण उठून गेला म्हणून डाव अडत नाही. मेंढीकोटाला चौघं लागतात आणि समोरासमोरचे भिडू असतात. तिथे नवरा-बायको एका बाजूला बसतील, पण खेळतील दुसऱ्या जोडीविरुद्ध. रमी दोघांतही होते आणि सहांतही होते. या कथेला मात्र असा डाव हवा, जो दोघांशिवाय होतच नाही. तो आपल्याकडे आहे, आणि त्याचं नाव आहे सात-आठ.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बावन्न पानांतून दुरीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं बाजूला काढायची. सत्त्यांपैकी फक्त इस्पिकची आणि बदामची ठेवायची. म्हणजे चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पानं आणि या दोन सत्त्या मिळून तीस पानं होतात. दोघांना पंधरा-पंधरा. आधी पाच-पाच पानं वाटायची. ज्याने वाटली नाहीत तो आपली पाच पानं बघून हुकूम बोलतो, मग उरलेली वाटायची. उतरलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकावं लागतं, नसेल तर हुकमाने मारता येतं. हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, वाटणाऱ्याने सात. काही घरांत थोडी पानं जमिनीवर उलटी-सुलटी मांडून खेळतात, काही घरांत पंधराच्या पंधरा हातात घेतात. कथेसाठी मी दुसरी पद्धत निवडेन, आणि त्याला कारण आहे.

पंधरा पानं आपल्या हातात आहेत आणि एकूण पानं तीस आहेत. म्हणजे आपली पानं नीट पाहिली की समोरच्याकडे काय आहे हे आपोआप कळतं. माझ्याकडे नाही ते सगळं त्याच्याकडे. लपवण्यासारखं दोघांपाशी काही उरतच नाही. बहुतेक डावांत समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. इथे तो बांधावा लागत नाही. समोरचा ते पान कधी टाकेल, एवढाच प्रश्न असतो. एकमेकांचं सगळं ठाऊक असलेली दोन माणसं पुन्हा पुन्हा समोरासमोर बसतात आणि तरीही डाव रंगतो. लांबच्या संसाराबद्दल कथेला जे सांगायचं आहे ते या नियमातच आहे. लेखकाने ते वेगळं सांगायची गरज नाही, बाईने तर मुळीच नाही.

आता माणसं बसवू. जागा डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीतली, तिसरा मजला. काकू सत्तरीच्या. शेजारचं जोडपं नुकतंच लग्न झालेलं, दोघंही नोकरीवाले, सामान अजून खोक्यांत. एका रविवारी वीज गेलेली असते, मोबाइल चार्ज नसतात, आणि मुलगी विचारते, ‘काकू, तुमच्याकडे पत्ते आहेत का?’ काकू कॅट आणून देतात. मुलगी पानं मोजते तर तीसच भरतात.

‘काकू, यात बरीच पानं कमी आहेत.’

‘कमी नाहीत गं. तेवढीच लागतात.’

या दोन वाक्यांत किती गोष्टी सरकल्या बघा. या घरात दुसरा कोणताही डाव होत नव्हता. बाकीची बावीस पानं कधीच बाजूला काढली गेली आणि परत मिसळलीच नाहीत. काकू ‘आमचे हे आणि मी रोज खेळायचो’ असं म्हणत नाहीत. म्हणाल्या असत्या तर ती माहिती झाली असती. पानं मोजताना वाचकाला ते स्वतःला सापडतं, आणि स्वतःला सापडलेलं माणूस विसरत नाही.

मग काकू शिकवायला लागतात आणि कथेतला खरा पेच इथे उभा राहतो. डाव दोघांचा आहे आणि शिकणारेही दोघं आहेत, तेव्हा शिकवणाऱ्याला बसायला जागाच नाही. आपला डाव दुसऱ्यांच्या हातात द्यायचा तर त्यातून स्वतः उठावं लागतं. काकू मुलीच्या मागे खुर्ची ओढून बसतात, तिच्या खांद्यावरून तिची पानं बघतात. अनेक वर्षं जी बाई समोर बसली ती आता मागे बसली आहे. हा प्रसंग भावनेतून रचलेला नाही, खेळणाऱ्यांच्या संख्येतून आला आहे. म्हणूनच तो टिकतो.

इथे एक डाव खरोखर खेळून दाखवावा लागतो. ‘काकूंनी तिला युक्ती सांगितली’ असं लिहून भागत नाही, कारण सात-आठ खेळणारा वाचक लगेच विचारेल, कोणती युक्ती? समजा, बारा हात झालेत. हुकूम बदाम, बोलली मुलगी, म्हणजे तिला आठ करायचे आहेत. तिचे सहा झालेत, नवऱ्याचेही सहा. त्याला सात करायचे आहेत. तीन हात उरलेत. त्यातले तिला दोन हवेत, त्याला एक. उतारी तिची. तिच्या हातात इस्पिक एक्का, किलवर दश्शी आणि बदाम गुलाम. त्याच्याकडे बदाम राणी, किलवर नव्वी आणि चौकट अठ्ठी.

नवशिक्याचा हात हुकमाकडे जातो. गुलाम टाकून त्याची राणी काढून घेऊ, मग एक्का आपलाच, असं मुलीला वाटतं. पण तिने गुलाम टाकला तर राणी तो हात घेते, उतारी नवऱ्याकडे जाते आणि तो चौकट अठ्ठी टाकतो. आता तिच्याकडे चौकटही नाही आणि हुकूमही नाही. काहीतरी टाकून तो हात सोडावा लागतो. सात झाले की नवरा सुटला. तिने जपून एक्का टाकला आणि दश्शी ठेवली तर शेवटचा हात तिला मिळेल, पण तो एकच, आणि ती सातावर अडकेल.

तिने आधी इस्पिक एक्का टाकला तर? नवऱ्याकडे इस्पिक नाही. तो राणीने मारेल. मारू दे. त्याच्या हातात उरली किलवर नव्वी आणि चौकट अठ्ठी. अठ्ठी टाकली तर गुलाम ती मारतो आणि मग दश्शी नव्वीवर चढते. नव्वी टाकली तर दश्शी ती घेते आणि शेवटचा हात गुलामाचा. दोन्ही वाटांनी मुलीचे आठ होतात. म्हणजे एक्का गमवायचा, गुलाम राखायचा. मोठं पान सोडून दिल्यावर धाकटं पान पुढे जातं.

मुलगी गुलाम ओढते आणि मागून काकू म्हणतात, ‘तो ठेव. एक्का जाऊ दे.’

एक्का जातो, डाव मुलीचा होतो. नवरा चिडत नाही, पण विचारतो, ‘काकू, माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तिच्या मागे बसलाय.’

‘तीस पानं आहेत. तिची सोडली की उरतात ती तुझी.’

कथेत हे वाक्य एकदाच यावं आणि त्यावर कोणी काही बोलू नये. मुलगी नवऱ्याकडे बघते, नवरा आपल्या हाताकडे बघतो. नुकतंच लग्न झालेल्या दोघांना पहिल्यांदा कळतं की समोरच्याचं सगळं दिसू शकतं. ते सुखाचं आहे की धाकाचं, हे त्यांच्या वयात ठरलेलं नसतं. काकूंचं ते कधीच ठरलेलं आहे.

सात-आठमधला आणखी एक नियम या कथेला पुरून उरतो, तो पानं ओढण्याचा. एखाद्याने ठरलेल्यापेक्षा एक हात जास्त केला, तर दुसऱ्याचा एक कमी भरतो. पुढच्या डावात पानं वाटून झाली की ज्याचा हात जास्त होता तो दुसऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि आपल्याला नको असलेलं एक पान त्याला देतो. दोन जास्त, तर दोन पानं. घरोघरी थोडा फरक असतो, पण तत्त्व सगळीकडे तेच. हिशेब त्या डावात मिटत नाही, पुढच्या डावात जातो. सात-आठचा कोणताही डाव मागच्याचं काहीतरी घेऊन येतो आणि पुढच्यासाठी काहीतरी ठेवतो.

ओढताना एक गंमत असते. समोरच्याकडे हुकमाचा राजा आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, पण पंखा केलेल्या पंधरा पानांत तो कुठे आहे हे माहीत नसतं. म्हणून शहाणा माणूस पानं पुढे करण्यापूर्वी हातातल्या हातात पिसून घेतो. काकू हे मुलीला समजावतात.

‘आधी पिस. नाहीतर हुकूम कुठे लावतेस ते त्याला कळेल. आमचे हे कधी पिसत नसत. हुकूम कायम डावीकडे.’

‘मग तुम्ही डावीकडचंच ओढत असाल!’

‘नाही.’

माझ्या मते कथेचा गाभा या एका ‘नाही’त आहे. राजा कुठे आहे हे माहीत असूनही तिने तो कधी घेतला नाही, आणि नवऱ्यानेही पानं कधी पिसली नाहीत. त्याला तिचं माहीत होतं का? कथेने हे सांगू नये. पण वाचक हा प्रश्न विचारील एवढी जागा मात्र ठेवावी. अशा ठिकाणी लेखकाला मोह होतो की काकूंच्या मनात शिरावं, एखादी आठवण उलगडावी, हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्री घेऊन यावं. तो आवरायला हवा. पूर्वीचं आयुष्य डावाच्या नियमांतून जेवढं झिरपतं तेवढंच पुरेसं आहे. जास्त घातलं की वाचकाला मोजायला काही उरत नाही.

ओढण्याच्या नियमातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती टाळता येत नाही. हिशेब प्रत्येक वेळी पुढच्या डावावर जात असेल, तर शेवटच्या डावानंतरही काहीतरी बाकी असणारच. समजा त्या डावात काकूंनी आठांऐवजी नऊ केले होते. म्हणजे त्यांना एक पान ओढायचं होतं. ते राहिलं. ही माहितीही गाजावाजा न करता यावी. कॅटच्या डबीत एक चिठ्ठी असते, तिच्यावर दोघांच्या खात्याच्या रेघा असतात आणि शेवटची रेघ खोडलेली नसते. मुलगी विचारते, ‘ही एक कोणाची?’ काकू म्हणतात, ‘माझी. यायची राहिली.’

इथवर आल्यावर कथा दोन वाटांनी जाऊ शकते, आणि पहिली वाट फार ओढ लावणारी आहे. मुलीला हे समजतं, ती आपली पंधरा पानं पंखा करून काकूंपुढे धरते आणि काकू डावीकडचं पान ओढतात. वाचकाचे डोळे नक्की भरून येतील. तरीही हा शेवट खोटा आहे. हिशेब ज्या दोघांमध्ये झाला त्या दोघांचाच असतो. तिसऱ्याच्या हातातून ओढलेलं पान हे त्या डावाचं पान नव्हे, आणि काकूंसारखी खेळाडू बाई ते ओढणारही नाही. शिवाय ज्या पानाला तिने कधी हात लावला नाही, ते आता परक्या हातातून ओढायला लावणं म्हणजे तिच्या ‘नाही’वर पाणी सोडणं आहे.

पत्त्यांवरच्या जगभरातल्या लेखनात हा मोह टाळणारं एक चांगलं उदाहरण आहे. डी. एल. कोबर्न या अमेरिकन नाटककाराचं ‘द जिन गेम’ हे नाटक १९७६ साली रंगभूमीवर आलं आणि १९७८ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. वृद्धाश्रमात वेलर नावाचा म्हातारा फॉन्सिया नावाच्या बाईला जिन रमी शिकवतो. ती शिकते आणि डावामागून डाव जिंकत जाते. तो चिडत जातो आणि दोघांची आयुष्यं उघडी पडतात. नाटकात फक्त दोन पात्रं आहेत आणि बराच वेळ ती पत्तेच खेळत असतात. कोबर्नने नाटक डावाबाहेर नेऊन सांत्वन शोधलं नाही. कोण जिंकलं यानेच प्रत्येक प्रवेश पुढे सरकतो. आपल्या कथेचा सूर वेगळा आहे, पण शिस्त तीच हवी. जे घडेल ते डावात घडलं पाहिजे.

दुसरी वाट त्या तीस पानांतूनच निघते. हीच तीस पानं, एकही कमी-जास्त न करता, तिघांना वाटली तर प्रत्येकी दहा होतात आणि त्याचा डाव होतो पाच-तीन-दोन. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, तिसऱ्याने तीन. पानं ओढण्याचा नियम इथेही तोच. कथेत हे काकूंनी सुचवू नये, नवऱ्याने सुचवावं. त्याने लहानपणी मामाच्या गावी हा डाव खेळलेला असतो. तो म्हणतो, ‘काकू, तिघांचा पण होतो ना यात?’

‘होतो.’ काकू क्षणभर थांबतात. ‘आम्ही कधी खेळलो नाही.’

काकूंना डाव येतो, पण या पानांनी त्या तो कधी खेळलेल्या नाहीत. आणि डाव सुरू झाल्यावर त्यांना पहिल्यांदाच काही दिसेनासं होतं. स्वतःची दहा पानं सोडली तर वीस उरतात, पण ती दोघांत विभागलेली असतात. इस्पिक राजा मुलीकडे आहे की मुलाकडे, हे मोजून कळत नाही. अंदाज करावा लागतो, चुकावं लागतं. बायकोकडे राजा असेल म्हणून काकू राणी राखतात आणि नवराच राजा टाकून तो हात घेऊन जातो. सगळं माहीत असण्याची सवय झालेल्या बाईला, सत्तरी ओलांडल्यावर, माहीत नसलेली माणसं समोर येतात. शेजार नवा असणं म्हणजे काय, हे या फरकात जसं कळतं तसं ‘त्यांची मैत्री वाढत गेली’ असं लिहून कळणार नाही.

पहिला डाव काकू वाटतात, म्हणून त्यांना दोन करायचे. मुलगी हुकूम बोलते, तिला पाच. नवऱ्याला तीन. डाव संपतो तेव्हा नवऱ्याचे बरोबर तीन होतात, मुलीचे पाचाऐवजी तीनच, आणि काकूंचे चार. दहा हातांचा हिशेब जुळतो. काकूंना दोन जास्त, मुलीला दोन कमी. पुढच्या डावात काकू मुलीच्या हातातून दोन पानं ओढणार. तेवढ्यात वीज येते. खोकी उघडायची असतात, सकाळी दोघांना गाडी पकडायची असते. मुलगी उठते आणि चिठ्ठीकडे बघते. जुन्या रेघेच्या शेजारी लिहायचं की नव्या कागदावर?

काकू नवा कागद घेतात. त्यावर मुलीच्या नावापुढे दोन रेघा मारतात आणि म्हणतात, ‘दोन आहेत हं तुझ्याकडे.’

हा शेवट मला पटतो, कारण तो डावाच्या नियमाला धरून आहे. जुना हिशेब मिटत नाही, मिटायचाही नाही. तो त्या दोघांचा होता आणि डबीत तसाच राहील. पण ओढायची पानं पुढच्या डावावर जातात या एका नियमामुळे शेजारणीला परत यायला कारण मिळतं, आणि काकूंना तिची वाट बघायचा हक्क मिळतो. तेही कोणी दया दाखवल्यामुळे नाही, काकूंनी चार हात केले म्हणून. एकट्या बाईची सोबत करायला येणारी शेजारीण आणि दोन पानांचं देणं फेडायला येणारी शेजारीण, यांत मोठा फरक आहे. पहिली चार दिवसांनी यायची थांबू शकते. दुसरीला यावंच लागतं, आणि आली की तिने पानं पुढे करण्यापूर्वी पिसली की नाही, हे काकू बघणार आहेत.